अंगावर चावल्याच्या खुणा पुन्हा पुन्हा उठतात? ढेकूण, पिसू, खरूज की डास, ते असं ओळखा

सकाळी उठावं तर हातावर चार-पाच लाल गांधी. दिवसभर खाजवून जीव नकोसा. संध्याकाळपर्यंत जरा बसतात आणि दुसऱ्या दिवशी नव्या हजर. मग डासांचं मशीन लावलं जातं, गादी गॅलरीत टाकली जाते, मेडिकलवाल्याकडून एखादी ट्यूब येते. चार दिवस बरं वाटतं, आठवड्याभरात पुन्हा तेच. माझ्या दवाखान्यात पावसाळा लागला की अशा तक्रारींची रांग लागते, आणि बहुतेक वेळा औषध वाईट नसतं, ते भलत्याच किड्यावर दिलेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगते. नुसती खूण बघून कोण चावलं हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही, त्वचारोगतज्ज्ञालाही नाही. अनेक जण मोबाईलवर फोटो पाठवतात, ‘मॅडम, हे काय चावलंय?’ आता ती गांध म्हणजे किड्याच्या लाळेवर तुमच्या शरीराने काढलेला राग. तोच ढेकूण एकाला चावला तर रुपयाएवढी गांध उठते, दुसऱ्याला ठिपकाही दिसत नाही. त्यामुळे खूण हा पुरावा कच्चा. पक्का पुरावा दोन ठिकाणी मिळतो: खुणांच्या सवयीत आणि तुमच्या खोलीत.

आधी चार गोष्टी स्वतःला विचारा

पहिली, खूण कधी उठते? डास चावला की सहसा काही मिनिटांत फुगवटा येतो आणि तो बराचसा त्याच दिवशी ओसरतो. पिसूचंही तसंच, लगेच खाज. ढेकूण मात्र झोपेत चावतो, चावताना कळत नाही, आणि खूण उठायला काही तास लागू शकतात. ज्याला ढेकूण पहिल्यांदाच चावतायत त्याला तर कित्येक दिवस काहीच दिसत नाही. गावी जाऊन आल्यावर आठवड्याने अंगावर उठलं तर ‘इथे तर काहीच नाही’ म्हणून लोक गोंधळतात, तो यामुळे.

दुसरी, अंगावर कुठे? उघड्या भागावर, म्हणजे दंड, मनगट, मान, चेहरा, आणि त्यातही तीन-चार खुणा ओळीत किंवा घोळक्याने असतील तर ढेकणाचा संशय घ्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच, मध्ये बारीक लाल टिंब असलेले फोड असतील तर पिसू. इकडे एक, तिकडे एक, कसलाच मेळ नाही, तर डास. आणि बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, बेंबीभोवती, कमरेच्या नाडीच्या जागी, जांघेत खाज असेल तर तो चावा नसून खरूज असण्याची शक्यता जास्त. खरूज करणारा किडा चावून निघून जात नाही, कातडीत बीळ करून राहतो.

तिसरी, घरात आणखी कोणाला? आणि चौथी, जी लोक विचारतच नाहीत: चार दिवस दुसरीकडे झोपलात तर काय होतं? ढेकूण, पिसू आणि कबुतरांच्या घरट्यातले किडे घरात राहतात, तुमच्या अंगावर नाही. तुम्ही गावी गेलात की काही दिवसांत नव्या खुणा थांबतात. खरूज तुमच्याबरोबर एसटीत बसून गावी येते.

सदाशिव पेठेतली एक खोली

हे सगळं कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात गुंता कसा होतो ते एका खोलीच्या गोष्टीतून सांगते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन मुलं, सदाशिव पेठेत जुन्या इमारतीत कॉट बेसिसवर राहणारी. तीन लोखंडी कॉट, त्यावर प्लायवूडच्या फळ्या, कापसाच्या गाद्या, एक खिडकी आणि भिंतीवर नकाशे. ऑगस्टचा महिना.

पहिला मुलगा आला तेव्हा त्याच्या दंडावर आणि मानेवर ठळक लाल गांधी होत्या, काही तर नेमक्या ओळीत. त्याचं म्हणणं डासांचं होतं. रात्रभर मशीन चालू ठेवून झालं होतं, कॉइल जाळून झाली होती. मी विचारलं, “अरे, मशीन लावल्यावर डास कमी झाले का?” म्हणाला, “डास गेले मॅडम, खाज नाही गेली.” म्हणजे डासांची बाजू तिथेच लंगडी पडली.

दुसरा मुलगा सोबत आला होता, त्याच्या अंगावर एकही खूण नव्हती. त्यामुळे पहिल्याला वाटत होतं की खोलीत काही नाही, त्याचंच रक्त खराब झालंय. रक्त खराब होण्याचा हा समज आपल्याकडे फार जुना, आणि त्यावर बाटल्याच्या बाटल्या खपतात. रक्ताचा इथे काही संबंध नाही.

मी त्यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं आणि खोली तपासायला सांगितली. मोबाईलचा टॉर्च, एक जुनं एटीएम कार्ड, पांढरा कागद आणि पारदर्शक चिकटपट्टी, एवढंच लागतं. गादीच्या कडेला जी जाड शिवण असते ती दोन बोटांनी उलगडायची आणि कार्डाची कड तिच्यातून ओढत न्यायची, खाली कागद धरायचा. गादीचे चारही कोपरे, कंपनीचं लेबल, गादीला मारलेल्या टाक्यांचे खळगे. मग गादी उचलून फळी उलटी करायची: प्लायवूडच्या कडा, खिळ्यांची भोकं, लोखंडी पाइपची उघडी तोंडं, नट-बोल्ट.

शोधायचं काय? मोठा ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तांबूस तपकिरी. तो तर ओळखू येतोच. पण दिवसा तो दिसेलच असं नाही. त्याच्या मागे राहिलेल्या खुणा जास्त भरवशाच्या: शाईच्या पेनाने टेकवल्यासारखे काळे ठिपके, पिवळसर पारदर्शक कात, फटीत चिकटलेली मिलिमीटरभर पांढरी अंडी. ठिपका ढेकणाचा की झुरळाचा, हे ओल्या कापसाने घासून कळतं. ढेकणाची विष्ठा पचलेलं रक्त असते, ती कापडात मुरलेली असते आणि ओल्या कापसाने तांबूस-काळी पसरते. झुरळाची लेंडी दाणेदार, ती निघून पडते.

मुलांनी संध्याकाळी मला फोटो पाठवले. सगळ्यात जास्त ठिपके कुठे होते? ज्याच्या अंगावर एकही खूण नव्हती, त्या दुसऱ्या मुलाच्या गादीत. त्याला ढेकूण चावत होते, भरपूर चावत होते, फक्त त्याचं शरीर त्या लाळेला दाद देत नव्हतं. आणि त्याच्या कॉटशेजारच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा चिकटपट्टीने लावलेला होता. त्याचा खालचा कोपरा उचकटला तर मागे कोकण किनाऱ्याच्या बाजूने काळ्या ठिपक्यांची रांग आणि तीन जिवंत ढेकूण. गादी रोज झटकून काय होणार होतं? भिंतीवरचे नकाशे, कॅलेंडर, स्विचबोर्ड, बॅगेची चेन, खुर्चीची बैठक, हे सगळं तपासलं नाही तर तपासणी अर्धीच. अभ्यासिकेतल्या गादीच्या खुर्च्याही यात धरा, मुलं तिथे दिवसाचे बारा-बारा तास बसतात.

ढेकूण सापडले, पुढे?

पेस्ट कंट्रोलवाल्याला एकदा बोलावून काम संपत नाही, याचं कारण अंडी. फवारणीतून अंडी बऱ्याचदा वाचतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दुसरी फवारणी दहा ते चौदा दिवसांनी हवीच, आणि ती ठरवतानाच ठरवून घ्या. नेहमीच्या फवाऱ्यांना ढेकूण बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत, त्यामुळे बाजारातला डबा आणून स्वतः मारत बसण्यात बहुतेक वेळा ढेकूण शेजारच्या खोलीत सरकण्यापलीकडे काही होत नाही.

औषधापेक्षा मला उष्णतेवर जास्त भरवसा आहे. ढेकूण आणि अंडी दोन्ही पन्नास अंशांच्या वर तग धरत नाहीत. चादरी, अभ्रे, कपडे साठ अंशांच्या पाण्यात धुवा किंवा लाँड्रीतल्या ड्रायरमध्ये गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवा. लोखंडी कॉट बाथरूममध्ये किंवा गच्चीवर नेऊन पाइपच्या तोंडात आणि सांध्यांत उकळतं पाणी ओता, हात-पाय सांभाळून. गादीच्या शिवणीवरून वाफेची इस्त्री अगदी सावकाश फिरवा. गादी नुसती उन्हात टाकण्याचा उपयोग मे महिन्यातही मर्यादित, कारण ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. ऑगस्टच्या पुण्यात तर ऊनच नसतं. ती टाकायचीच तर काळ्या जाड प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, कडक उन्हात, उलटसुलट करून.

मग कॉट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, चादर जमिनीला लागू देऊ नका आणि कॉटच्या चारही पायांखाली साबणाचं पाणी भरलेल्या वाट्या ठेवा. आजीच्या काळची ही युक्ती आजही चालते, आणि तिचा दुसरा फायदा असा की रोज सकाळी वाटीत कोण पडलंय ते दिसतं. सहा आठवडे वाट्या रिकाम्या आणि नव्या खुणा नाहीत, तर खोली सुटली म्हणायला हरकत नाही.

दोन उपाय चुकूनही करू नका. गादीवर रॉकेल किंवा पेट्रोल शिंपडू नका, आगीचं कारण होतं. आणि धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या झोपायच्या खोलीत ठेवू नका. दमट हवेत त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो शेजारच्या खोलीतही शिरतो आणि त्यावर उतारा नाही. ढेकूण मारायला ठेवलेल्या गोळ्यांनी माणसं दगावली आहेत. कोणी पेस्ट कंट्रोलवाला ‘एका रात्रीत साफ’ म्हणून पांढऱ्या-करड्या गोळ्या काढू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

ढेकणामुळे माणसाला रोग लागल्याचं सिद्ध झालेलं नाही. खाज, झोपमोड आणि खाजवून झालेली जखम, एवढाच त्याचा उपद्रव. पण ज्याची झोप महिनाभर मोडली आहे त्याला हे ‘एवढंच’ सांगू नये.

तिसऱ्याची खाज का थांबेना

दोन फवारण्या झाल्या. पहिल्या मुलाला नव्या गांधी उठायच्या थांबल्या. तिसरा मात्र खाजवतच होता, आणि साहजिकच तिघांचं मत झालं की पेस्ट कंट्रोलवाल्याने फसवलं. तो दवाखान्यात आला तेव्हा मी त्याच्या मानेकडे न बघता आधी बोटांच्या बेचक्या बघितल्या. तिथे बारीक पुटकुळ्या, खाजवल्याच्या खपल्या आणि मनगटाजवळ पेन्सिलने ओढल्यासारखी अर्ध्या सेंटिमीटरची करडी वाकडी रेघ. ते खरजेच्या किड्याचं बीळ. खाज कधी वाढते विचारलं तर म्हणाला, “रात्री पांघरुणात शिरलो की.” कमरेभोवती आणि जांघेतही होतं, पण ते लाजेने आधी सांगितलं नव्हतं.

म्हणजे एका खोलीत दोन वेगळे त्रास एकाच वेळी होते, आणि ढेकूण सापडल्यामुळे सगळ्यांनी शोध थांबवला होता. हे पुष्कळदा होतं. शिवाय त्याने मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली होती, जिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळंच एकत्र होतं. अशा ट्यूबने खाज आणि लाली दोन दिवसांत दबते, त्यामुळे गुण आला असं वाटतं. किडे खाली मजेत वाढत राहतात, पुरळाचं रूप बदलतं आणि पुढे डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. खाजेचं कारण माहीत नसताना ही ट्यूब लावू नये.

खरजेचा किडा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून लहान, डोळ्यांना दिसत नाही. तो पहिल्यांदा लागला तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि त्या काळात तो दुसऱ्यांना लागत असतो. म्हणून खरजेचा उपचार एकट्याचा नसतो. खोलीतल्या तिघांनाही, खाज असो वा नसो, मी एकाच रात्री औषध लावायला सांगितलं. दुसरा मुलगा पुन्हा वैतागला, त्याला तर काहीच होत नव्हतं. पण पंधरा दिवसांनी तो खाजवत आला असता आणि चक्र पुन्हा सुरू झालं असतं.

औषध म्हणजे पाच टक्के परमेथ्रिनचं क्रीम. ते खाजेच्या जागी ठिपका-ठिपका लावून चालत नाही. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बेचक्यांत, गुप्तांगावर, सगळीकडे. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण तीस ग्रॅम लागतं. आठ ते चौदा तास, म्हणजे रात्रभर ठेवायचं. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. सकाळी अंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेली चादर. सात दिवसांनी हेच पुन्हा एकदा. आधीच्या तीन दिवसांत वापरलेलं सगळं गरम पाण्यात धुवायचं, जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. तान्ह्या बाळांचं, गरोदर बाईंचं गणित वेगळं असतं, बाळांना चेहऱ्यावर आणि तळव्यांवरही खरूज होते. तिथे मनाने औषध लावू नका. गोळ्याही आहेत, पण त्या वजनावर ठरतात आणि सगळ्यांना चालत नाहीत.

किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते. इथे लोक धीर सोडतात आणि क्रीम रोज चोपडू लागतात, त्याने कातडी कोरडी पडून खाज आणखी वाढते. बघायचं ते एवढंच की नव्या पुटकुळ्या येतायत का. येत नसतील तर थांबा. चार आठवड्यांनंतरही नव्या येत असतील तर दवाखाना.

घोट्यावरचे चावे आणि खिडकीतली कबुतरं

पिसूची गोष्ट थोडक्यात. घरात कुत्रं-मांजर असेल, जिन्यात भटकं मांजर व्यालं असेल, किंवा उंदीर मारायचं औषध ठेवल्यानंतर चावे सुरू झाले असतील (उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवा यजमान शोधतात), तर पिसूचा विचार करा. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून दहा मिनिटं संशयित जागी फिरा. काळपट, दोन-तीन मिलिमीटरचे, टुणकन उडणारे ठिपके मोज्यावर दिसतील. सुट्टीनंतर बंद घर उघडल्यावर अचानक हल्ला होतो, कारण कोशातल्या पिसवा पावलांच्या धक्क्याने बाहेर येतात. जनावराचा इलाज पशुवैद्याकडून, आणि घरात केर-झाडलोट, व्हॅक्यूम, त्याच्या अंथरुणाची गरम धुलाई हे एकाच वेळी. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, ते मांजराला विष आहे.

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये मला जास्त काळजी वाटते ती कबुतरांच्या घरट्यांची. एसीच्या युनिटमागे, डक्टमध्ये, न उघडणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर घरटं असतं. पिल्लं उडून गेली की घरट्यातले रक्तपिपासू बारीक किडे उपाशी पडतात आणि खिडकीच्या फटीतून खोलीत येतात. अंगभर, कपड्याखालीसुद्धा बारीक लाल पुरळ, प्रचंड खाज, गादीत ढेकणाचा मागमूस नाही, बेचक्यांत बिळं नाहीत. खिडकीच्या चौकटीवर पांढरा कागद ठेवून टॉर्च मारा. टाचणीच्या टोकाएवढे करडे किंवा लाल ठिपके सरकताना दिसले तर उत्तर मिळालं. हे किडे माणसावर संसार थाटत नाहीत, त्यामुळे क्रीम लावण्याचा उपयोग नाही. घरटं काढायचं. पण कोरडं खरवडू नका, कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट. आधी पाण्याने भिजवा, चांगला मास्क आणि हातमोजे घाला, पिशवीत बांधून टाका, जागा साबणाने धुवा, फटी बुजवा, जाळी बसवा. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत फटी चिकटपट्टीने बंद ठेवा.

खाजेवर काय, आणि दवाखान्यात कधी

साध्या चाव्याला थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन, नखं कापणं आणि मोठ्या माणसाला रात्री सेटिरिझिनची दहा मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. झोप येते, गाडी चालवायची असेल तर घेऊ नका. चुना, लिंबू, टूथपेस्ट लावून कातडी भाजून घेऊन आलेले रुग्ण दर पावसाळ्यात येतात.

थांबू नये असं केव्हा? चाव्यानंतर ओठ, जीभ, चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर थेट १०८ किंवा जवळचं रुग्णालय, दवाखाना उघडायची वाट बघू नका. चाव्याभोवतीची लाली पसरतेय असं वाटलं तर पेनाने तिच्या कडेने रेघ मारा आणि वेळ लिहा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली, जागा गरम आणि दुखरी आहे, पू आहे, किंवा ताप आहे, तर जंतुसंसर्ग झालाय, त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असेल तर रेघ ओलांडण्याची वाटही बघू नका. खरूज पिकलेल्या मुलाचा चेहरा सकाळी सुजला किंवा लघवी कोला-चहाच्या रंगाची झाली तर ती मूत्रपिंडाची खूण असू शकते, लगेच न्या.

डासाच्या गांधीपेक्षा त्यानंतरचा ताप महत्त्वाचा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि ताप साधारण चार ते दहा दिवसांत येतो. ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं असेल तर पॅरासिटॅमॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका आणि रक्त तपासा. ताप उतरताना पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, हे दिसलं तर दाखल व्हावं लागतं. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले होते, त्यामुळे गरोदर बाईंना ताप आणि पुरळ एकदम आलं तर डॉक्टरांना तेव्हाच कळवा.

आणखी एक, जे ट्रेकवाल्यांनी लक्षात ठेवावं. गवतातून, झुडपांतून फिरून आल्यावर एक-दोन आठवड्यांनी मोठा ताप आला, तर अंगभर शोधा, काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, कानामागे. सिगारेटने भाजल्यासारखी काळी, न दुखणारी, न खाजणारी खपली दिसली तर तो स्क्रब टायफसचा किडा चावल्याची खूण असू शकते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत हे जास्त दिसतं. योग्य अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर बरं होतं, उशीर झाला तर जिवावर बेततं. खपली खाजत नाही म्हणून कोणी सांगत नाही, डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

खाजेऐवजी आग होत असेल तर मामला वेगळा. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आणि आग म्हणजे नागीण असू शकते, तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा काळा-नारिंगी लांबट किडा अंगावर चिरडला गेला तरी सकाळी आग होणारी लाल रेघ उठते. तो चावत नाही. फुंकून उडवा, चिरडू नका, आणि चिरडलाच तर साबणाने धुवा.

दवाखान्यात येताना किडा चिकटपट्टीवर चिकटवून आणा, खुणांचे रोजचे फोटो तारखेसह आणा, आणि लावलेल्या प्रत्येक ट्यूबचं खोकं सोबत घ्या. ट्यूब ‘साधीच होती’ म्हणून घरी ठेवून येऊ नका, निदान बऱ्याचदा त्या खोक्यावरूनच सुटतं.